मोहन नवा भागीदार: ख्यातीचे पैसे 3:2 मध्ये वाटायचे की 2:3 मध्ये? (बारावी, भागीदारी, असाइनमेंट)

दारव्हा_बारावी

नमस्कार मंडळी. मी बारावी कॉमर्सला आहे, मराठी माध्यम, दारव्हा तालुका. भागीदाराचा प्रवेश या धड्यावर असाइनमेंट आहे आणि सोमवारी वही द्यायची आहे. एका गणितावर चार दिवसांपासून अडलो. माझ्या शब्दांत लिहितो.

राम आणि शाम यांची फर्म. नफा-तोटा 3:2. भांडवल रामचं 3,00,000, शामचं 2,00,000. ताळेबंदात राखीव निधी 50,000 आणि संपत्ती बाजूला ख्याती 60,000 आहे. मोहनला 1/4 हिस्सा देऊन घेतलं. नवं प्रमाण 2:1:1. ख्याती म्हणजे मागच्या 4 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 पट. नफे असे: 2,10,000, 2,50,000, 1,60,000 आणि 2,80,000. तिसऱ्या वर्षी गोदामाला आग लागून 60,000 चं नुकसान झालं, चौथ्या वर्षी जुना टेम्पो विकून 40,000 नफा झाला. मोहननं आपल्या हिश्श्याची ख्याती रोख आणली.

मी ख्याती 4,60,000 काढली, मोहनचा हिस्सा 1,15,000. इथपर्यंत उत्तराशी जुळते. मग ते 1,15,000 मी 3:2 मध्ये वाटले, राम 69,000, शाम 46,000. मागं उत्तर दिलं आहे राम 46,000, शाम 69,000. बरोबर उलटं! छापताना नावं उलटली असं मले वाटलं. पण माझा ताळेबंद तर जुळते. मग चूक कुठं आहे?

---

बीकॉम_वाशीम

भाऊ, छपाईची चूक असेल. नियम सोपा आहे, नवा भागीदार ख्याती आणतो ती जुन्या भागीदारांना त्यांच्या जुन्या प्रमाणात द्यायची. आम्ही कॉलेजात शेकडो गणितं अशीच केली. ताळेबंद जुळला ना? मग कशाला डोकं खराब करतो.

---

लेखाशिक्षिका

छपाईची चूक नाही. उत्तर बरोबर आहे.

बाळा, आधी तू जे बरोबर केलंस ते सांगते, कारण तिथेच अर्धी मुलं घसरतात. आगीचं नुकसान तू नफ्यात परत मिळवलंस आणि टेम्पोचा नफा वजा केलास, म्हणून 2,10,000, 2,50,000, 2,20,000 आणि 2,40,000 अशी बेरीज 9,20,000 आणि सरासरी 2,30,000 आली. तसं केलं नसतं तर सरासरी 2,25,000 आली असती आणि पुढचं सगळं चुकलं असतं.

आता प्रमाणाकडे ये. ख्यातीची रक्कम मोहन का देतो, एवढं एकदा विचार. त्याला उद्यापासून नफ्यात हिस्सा मिळणार, तो हिस्सा कुणाच्या तरी ताटातूनच निघणार. ज्याच्या ताटातून जेवढा निघाला, त्याला तेवढी भरपाई. मग आता पाहा, कुणाचं किती गेलं.

शंभर रुपये नफा झाला तर आधी रामला 60 आणि शामला 40 मिळायचे. 2:1:1 झाल्यावर रामला 50, शामला 25, मोहनला 25. रामचे गेले 10, शामचे गेले 15. म्हणजे त्यागाचं प्रमाण 10:15, म्हणजे 2:3. जुनं प्रमाण 3:2 आणि त्यागाचं 2:3, योगायोगानं नेमकं उलटं, म्हणून तुला ती छपाईची चूक वाटली. गणित ज्यानं काढलं त्यानं आकडे मुद्दाम असे घेतले असावेत, जुन्या प्रमाणात वाटणारा मुलगा लगेच सापडतो.

---

दारव्हा_बारावी

मॅडम, पण मी सॅक्रिफाइस रेशो काढला होता. माझा 3:2 च आला. मी असं केलं: मोहनला 1/4 दिला, उरले 3/4, ते राम-शामला 3:2 मध्ये वाटले. 9/20, 6/20 आणि मोहनचे 5/20. रामचे 12/20 चे 9/20 झाले, त्याग 3/20. शामचे 8/20 चे 6/20 झाले, त्याग 2/20. म्हणजे 3:2.

---

लेखाशिक्षिका

हं, आता कळलं कुठे अडलास. तुझी ती पद्धत खोटी नाही, फक्त ती दुसऱ्या गणिताची आहे. प्रश्नात नुसतं ‘मोहनला 1/4 हिस्सा’ एवढंच दिलं असतं, तर उरलेलं जुने भागीदार आपसात जुन्याच प्रमाणात ठेवतात असं धरायचं, आणि मग 9:6:5 हेच नवं प्रमाण. तिथे त्यागाचं प्रमाण जुन्या प्रमाणाइतकंच येतं. @बीकॉम_वाशीम म्हणतात तो नियम तेवढ्या एका ठिकाणी खरा आहे, आणि पुस्तकात पहिली पाच-सहा गणितं तशीच असतात, म्हणून तोच नियम डोक्यात बसतो.

तुझ्या प्रश्नात मात्र नवं प्रमाण सरळ दिलं आहे, 2:1:1. दिलेलं असलं की आपण ते बनवायला जायचं नाही. तू 9:6:5 बनवलंस आणि प्रश्नातलं 2:1:1 वाचून सोडून दिलंस.

---

बीकॉम_वाशीम

मॅडम, मान्य. मी प्रश्नातलं नवं प्रमाण वाचलंच नव्हतं. पण एक विचारतो, त्याचा ताळेबंद तर जुळला म्हणे. चुकीच्या वाटणीनं ताळेबंद कसा जुळेल?

---

लेखाशिक्षिका

जुळणारच. मोहननं आणलेले 1,15,000 संपत्ती बाजूला रोखीत वाढले आणि तेवढेच भांडवल बाजूला वाढले. ते रामच्या नावावर गेले की शामच्या, हे ताळेबंदाच्या बेरजेला कधीच कळत नाही. दोन भागीदारांमधली वाटणी चुकली तर बेरीज बदलत नाही, फक्त एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. परीक्षेत मुलं बेरीज जुळली की वही मिटतात, आणि गुण भांडवल खात्यावर कापलेले असतात.

म्हणून या धड्यात तपासणी वेगळी करायची. पहिली, दोघांच्या त्यागाची बेरीज नव्या भागीदाराच्या हिश्श्याइतकी आली पाहिजे. इथे 2/20 आणि 3/20 मिळून 5/20, म्हणजे 1/4, बरोबर. पण ही तपासणी तुझ्या 3/20 आणि 2/20 लाही पास करते, म्हणून एवढ्यावर थांबू नकोस. दुसरी तपासणी मला स्वतःला जास्त आवडते, वर्गात मी तीच करून घ्यायचे. शामचे दर शेकडा 15 गेले. सरासरी नफा 2,30,000, त्याचे शेकडा 15 म्हणजे वर्षाला 34,500. ख्याती 2 पट धरली आहे, म्हणजे 2 वर्षांचे 69,000. रामचे शेकडा 10, वर्षाला 23,000, 2 वर्षांचे 46,000. तुझ्या पुस्तकातली दोन्ही उत्तरं आली. मोहन काय देतो आहे? पुढची 2 वर्षं यांना जो नफा मिळाला असता आणि आता मिळणार नाही, तो आधीच हातात देतो आहे. हे एकदा दिसलं की 69,000 रामला द्यायची इच्छाच होणार नाही.

---

दारव्हा_बारावी

मॅडम हे तर आम्हाले कोणी सांगितलंच नव्हतं. 2 पट म्हणजे 2 वर्षांचा गेलेला नफा! मी फक्त सूत्र पाठ करून राह्यलो होतो.

मग ताळेबंदातली 60,000 ची जुनी ख्याती अन् राखीव निधी? ते पण 2:3 मध्येच का?

---

लेखाशिक्षिका

नाही. थांब, इथे दुसरा खड्डा आहे.

राखीव निधी 50,000 हा मोहन येण्याआधीच्या नफ्यातून साठलेला. तेव्हा वाटणी 3:2 होती, म्हणून राम 30,000, शाम 20,000, दोघांच्या भांडवल खात्याला जमा. ताळेबंदातली 60,000 ची ख्यातीही जुन्या दोघांनीच पुस्तकात धरलेली, ती काढून टाकायची तीही त्यांच्याच जुन्या प्रमाणात, राम 36,000 आणि शाम 24,000 नावे. मोहन आल्यानंतर ती तशीच ठेवलीस तर मोहननं आधीच पैसे मोजलेली गोष्ट दुसऱ्यांदा पुस्तकात दिसेल.

म्हणजे मागचं जे काही आहे ते मागच्या प्रमाणात, आणि आज जे सोडलं ते सोडलेल्या प्रमाणात. दोन्ही प्रमाणं एकाच खात्यात शेजारी शेजारी येतात, म्हणून गोंधळ होतो. आता रामचं खातं बघ: 3,00,000 अधिक 30,000, वजा 36,000, अधिक 46,000, झाले 3,40,000. शामचं: 2,00,000 अधिक 20,000, वजा 24,000, अधिक 69,000, झाले 2,65,000. तुझ्या पहिल्या पद्धतीनं राम 3,63,000 आणि शाम 2,42,000 आले असतील. दोन्हीकडे बेरीज 6,05,000 च.

---

दारव्हा_बारावी

हो, माझे तेच आले होते, 3,63,000 अन् 2,42,000. नोंद अशी लिहू का?

रोख खाते नावे 1,15,000, ख्याती खात्याला.
ख्याती खाते नावे 1,15,000, रामच्या भांडवल खात्याला 46,000, शामच्या भांडवल खात्याला 69,000.

---

लेखाशिक्षिका

हो, तशीच. जुनी ख्याती काढायची नोंद मात्र वेगळी लिही, या नोंदीत मिसळू नको. आणि प्रत्येक नोंदीखाली स्पष्टीकरणाच्या ओळीत प्रमाण लिही, ‘त्यागाच्या प्रमाणात’ किंवा ‘जुन्या प्रमाणात’. तपासणाऱ्याला कळतं की तू समजून केलंस.

---

नव्वदचा_पदवीधर

आमच्या वेळी हे वेगळं शिकवायचे. ख्याती खातं उघडून पूर्ण 4,60,000 ताळेबंदात दाखवायचो, जुन्या भागीदारांना जुन्या प्रमाणात जमा. सोपं होतं. हल्ली ते का नाही करत? धंद्याची किंमत कागदावर दिसायला नको का?

---

जुना_मुनीम

दाखवायची इच्छा समजते भाऊ, पण आता तसं चालत नाही. लेखामानक 26 नुसार स्वतः निर्माण केलेली ख्याती पुस्तकात संपत्ती म्हणून धरत नाहीत, पैसे मोजून घेतलेली तेवढीच धरतात. 4,60,000 हा आपल्याच सरासरीवरून बसवलेला आकडा, कुणी दिलेला नाही. मोहननं मोजले ते फक्त 1,15,000, आणि तेही फर्मनं विकत घेतलेलं काही नाही, ते दोन जुन्या भागीदारांना मिळालेले पैसे आहेत. पूर्ण आकडा चढवून लगेच नव्या प्रमाणात काढून टाकायची जुनी पद्धत गणित म्हणून केली तरी भांडवलात तोच फरक पडतो. करून बघा: 4,60,000 जुन्या प्रमाणात जमा केले तर राम 2,76,000, शाम 1,84,000. नव्या प्रमाणात काढले तर राम 2,30,000, शाम 1,15,000, मोहन 1,15,000. उरले काय? राम 46,000, शाम 69,000. शेवटी तेच.

मी जिनिंगमध्ये बावीस वर्षं हिशेब लिहितो, म्हणून एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. या मुलाच्या गणितात आगीचं नुकसान परत मिळवलं, ते परीक्षेसाठी ठीक. पण कापसाच्या धंद्यात आग ही अचानक गोष्ट नाही. गंजीला आग आम्ही पाहतो, विमा दर वर्षी भरतो. अशा फर्मच्या नफ्यात आगीचं नुकसान अपवाद म्हणून परत मिळवलं तर नफा फुगतो आणि नवा माणूस जास्त पैसे मोजतो. निदान विम्याचा हप्ता तरी नफ्यातून कापलेला आहे का ते बघायला पाहिजे.

---

लेखाशिक्षिका

मुनीमजी, अगदी पटलं. परीक्षेत ‘आगीने नुकसान’ म्हटलं की अपवाद धरायचं, हे ठरलेलं आहे. प्रत्यक्षात धंदा बघून ठरवावं लागतं. काही गणितांत ‘यापुढे मालाचा विमा घेणार, हप्ता अमुक’ असं दिलेलं असतं, तो हप्ता दर वर्षीच्या नफ्यातून वजा करायचा असतो. ते तुमच्या मुद्द्यासाठीच आहे.

---

बीकॉम_वाशीम

मग आपल्याकडे पाऊस न पडलेलं साल? त्या वर्षी कृषी केंद्राचा नफा अर्धा होतो. तेही अपवाद म्हणून सरासरीतून काढायचं का?

---

जुना_मुनीम

माझ्या मते नाही. कोरडवाहू भागात असं साल दर काही वर्षांनी येणारच. ते काढून टाकलं तर सरासरी फक्त चांगल्या सालांची होते. उलट 4 वर्षांऐवजी जास्त वर्षं घ्यावीत, म्हणजे वाईट सालही आत येतं.

---

नव्वदचा_पदवीधर

मला नाही पटत. 4 वर्षांत एकदम दोन दुष्काळ आले असतील तर जुन्या भागीदारांवर अन्याय होतो. वीस वर्षं गावात पत कमावली, आणि दोन सालांच्या पावसानं ती निम्मी?

---

कृषीकेंद्र_आर्णी

सगळ्यांना नमस्कार. मी परीक्षेचा विद्यार्थी नाही, पण मॅडमचं लिहिलेलं वाचून झोप उडाली. आमचं घरचं सांगतो.

बसस्टँडजवळ आमचं कृषी केंद्र आहे, बियाणं, खत, औषध. माझे बाबा आणि मोठेबाबा, दोघं निम्मे-निम्मे भागीदार. तीन वर्षांपूर्वी मोठेबाबांच्या मुलाला, म्हणजे दादाला भागीदार घेतलं. बाबांचे गुडघे गेले, दुकानात बसणं होत नव्हतं. नवा करार झाला त्यात मोठेबाबा 60 टक्के, बाबा 20, दादा 20. दुकानाची गुडविल सगळ्यांनी मिळून 4,00,000 धरली आणि दादानं त्याच्या 20 टक्क्यांचे 80,000 दिले. ते दोघा भावांनी निम्मे-निम्मे घेतले, 40,000 आणि 40,000. तेव्हा मला वाटलं, निम्मे भागीदार होते तर निम्मे घेतले, बरोबरच आहे.

आता मॅडमच्या हिशेबानं बाबांचे 50 चे 20 झाले. मग बाबांना पूर्ण 80,000 मिळायला हवे होते का?

---

जुना_मुनीम

80,000 नाही, त्यापेक्षा जास्त. आणि मी हे चार वेळा मोजून लिहितो, कारण घरची गोष्ट आहे.

बाबांनी 30 टक्के सोडले. दादानं घेतले फक्त 20. उरलेले 10 टक्के कुठे गेले? मोठेबाबांकडे, त्यांचे 50 चे 60 झाले. म्हणजे इथे त्याग एकट्या बाबांचा आहे, आणि घेणारे दोन आहेत. बाबांच्या 30 टक्क्यांची ख्याती 1,20,000. त्यातले 80,000 दादाचे आणि 40,000 मोठेबाबांच्या भांडवल खात्यातून बाबांच्या खात्यात यायला हवे होते. प्रत्यक्षात मोठेबाबांनी 40,000 देण्याऐवजी 40,000 घेतले. बाबांना मिळाले 40,000, मिळायला हवे होते 1,20,000.

जुना भागीदार नेहमी त्यागच करतो असं धरून चाललं की हे सुटतं. नवा माणूस येताना जुन्यापैकी एखाद्याचा हिस्सा वाढूही शकतो.

---

कृषीकेंद्र_आर्णी

म्हणजे 80,000 चा फरक. बाबांना हे माहीत नाही. त्या वेळी ज्यानं हिशेब केला त्यानंही काही म्हटलं नाही, ‘निम्मे भागीदार, निम्मी गुडविल’ एवढंच बोलला.

---

लेखाशिक्षिका

भाऊ, थोडं थांबा, लगेच घरात काही बोलू नका. हिशेब मुनीमजींनी सांगितला तो बरोबर आहे. पण तो तेव्हाच लागू होतो, जेव्हा भागीदारांनी आपसात वेगळं काही ठरवलं नसेल. बाबा दुकानात बसत नव्हते, म्हणून कदाचित त्यांनी 10 टक्के काही न घेता सोडले असतील. किंवा त्या बदल्यात त्यांच्या भांडवलावर व्याज किंवा घरखर्चाची उचल ठरली असेल. करारनामा आणि त्या दिवसाची भांडवल खाती काढून बघा. करारात ख्यातीबद्दल एखादं कलम आहे का, आणि वाटणी कोणत्या प्रमाणात लिहिली आहे?

---

बीकॉम_वाशीम

भागीदारी कायदा 1932, कलम 31. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर सगळ्या भागीदारांच्या संमतीशिवाय नवा भागीदार घेताच येत नाही. बाबांची सही असेल तर संमती दिली असं होईल ना?

---

लेखाशिक्षिका

भागीदार घ्यायला संमती दिली, एवढं त्या सहीवरून कळेल. ख्याती निम्मी-निम्मी वाटायलाही संमती होती की कुणी विचारलंच नाही, हे करारातलं कलम वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि तीन वर्षांनंतर मागता येतं का, हा वकिलाचा प्रश्न आहे, माझा नाही.

---

कृषीकेंद्र_आर्णी

करारनामा मोठेबाबांच्या कपाटात आहे. मागावा लागेल. आमच्यात अजून एक चूल आहे, पोळ्याला सगळे एकत्र बसतो, तेव्हाच विषय काढणं बरं की आधी, हेच कळेना. बाबांशी आज बोलतो, त्यांना काय आठवतं ते विचारतो.

---

जुना_मुनीम

आधी बाबांनाच विचारा. त्यांनी समजून सोडलं असेल तर विषय तिथेच संपतो. नसेल, तर मोठेबाबांना माझ्यासारखंच शंभर रुपयांवर दाखवा, कागदावर तीन ओळीत मावतं: 50 चे 60, 50 चे 20, शून्याचे 20.

---

दारव्हा_बारावी

मी वही पूर्ण केली. राम 3,40,000, शाम 2,65,000. पण मॅडम, काकांचं वाचून एक प्रश्न पडला. माझ्या गणितात मोहननं ख्याती रोख आणलीच नसती तर काय करायचं? काकांच्या मोठेबाबांसारखं, त्याच्या भांडवल खात्यातून?

---

लेखाशिक्षिका

हो, मोहनचं चालू खातं नावे 1,15,000, राम 46,000 आणि शाम 69,000 जमा. भांडवल खातं नावे केलंस तरी चालतं, पण मग त्यानं आणलेलं भांडवल तेवढं कमी दिसेल. प्रश्नात काय म्हटलंय ते आधी वाच, या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत.